टॉवर कार्ड: ‘नोकरी जाईल का?’ की ‘नोकरी कशावर उभी आहे?’

लोटे-परशुरामच्या कारखान्यांत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली की नोकरीचा प्रश्न टॅरोच्या पत्त्यांपर्यंत येतो, आणि वीज पडलेल्या बुरुजाचं टॉवर कार्ड निघालं की समोरच्याचा चेहरा उतरतो. हे कार्ड लावायच्या दोन पद्धती आहेत.

पहिलीत तीन कार्डं काल, आज, उद्या अशी मांडतात. ‘उद्या’च्या जागी टॉवर म्हणजे नोकरीवर वीज पडणार. अर्थ चटकन सांगता येतो. नोटीस हातात पडलेली असेल तर ही मांडणी चालते, कारण घटना ठरलेली असते आणि पुढचं बघायचं असतं.

दुसरीत जागा स्थिती, अडथळा, सल्ला अशा असतात. १९०९ च्या रायडर-वेट संचातलं चित्र नीट बघा. वीज पडते तेव्हा बुरुजाच्या डोक्यावरचा मुकुट उडतो. म्हणून इथे विचारायचं, की या नोकरीत आपण कुठल्या गोष्टीला मुकुट मानून बसलोय?

एक उदाहरण घेऊ. स्थितीत पेंटॅकल्सची अठ्ठी, म्हणजे मान खाली घालून काम करणारा कारागीर. अडथळ्यात टॉवर. सल्ल्यात पेंटॅकल्सची तिर्री, जिच्यात गवंड्याचं काम दोघं जण नकाशा घेऊन बघतायत. पाळीत चौदा वर्षं काढलेल्या ऑपरेटरसाठी मी हे असं वाचेन: ‘माझ्याशिवाय हे युनिट चालत नाही’ हा त्याचा मुकुट. काम चोख आहे, पण त्या युनिटबाहेर ते कुणी पाहिलेलं नाही. मग अनुभवाचं पत्र नोकरीत असतानाच मागून ठेवायचं, पीएफचं पासबुक तपासायचं, आणि शेजारच्या कारखान्यांतल्या ओळखीच्यांना आपण काय काय चालवतो ते सांगायचं.

पहिल्या पद्धतीची एक गोष्ट मात्र मला फार खटकते, आणि निवड तिथेच झाली. आपल्याकडे देवाला कौल लावायची सवय. उजवा की डावा, उत्तर मिळतं. टॉवरलाही लोक तसाच कौल मागतात, आणि डावा आला की पुन्हा पिसतात. ‘खुलासा’ म्हणून चौथं कार्ड, मग पाचवं, उद्या परत तीन. ७८ कार्डांतून तीन काढली तर त्यांत टॉवर असण्याची शक्यता २६ त एक. रोज तीन काढत राहिलं तर महिनाभरात ते एकदा तरी दिसण्याची शक्यता जवळपास ६९ टक्के होते. ते दिसतं ते पुन्हा पुन्हा पिसल्यामुळे, आणि माणूस समजतो की संकट मागे लागलंय.

दुसऱ्या पद्धतीत पुन्हा पिसायची गरज सहसा पडत नाही, कारण हातात करायची कामं असतात. ती पूर्ण होईपर्यंत त्याच प्रश्नावर पत्ते काढू नयेत. तिची अडचण एवढीच, की मुकुट कोणता हे प्रामाणिकपणे कबूल करावं लागतं, आणि काहींना ते जमत नाही. कपातीच्या यादीत नाव आहे की नाही हे दोन्ही पद्धतींत कळत नाही. कुणी टॉवर बघून तारीख सांगू लागला तर रीडिंग तिथेच थांबवावं.