ठेकेदाराची माणसं की थेट मुदतीचा करार?

देखभाल विभागात दोन वर्षांसाठी दहा-बारा माणसं वाढवायची आहेत, पण कायम भरतीला मंजुरी मिळत नाही. अशा वेळी वाटा दोनच उरतात: ठेकेदाराकडून माणसं मागवायची, नाहीतर मुदतीच्या करारावर आपल्याच पटावर घ्यायची. खर्चाचा हिशेब दोन्हींचा मिळतो. धुसफुशीचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

पगारातला फरक सलतोच, पण तो महिन्यातून एकदा. वेगळ्या रंगाचा गेटपास, लॉकर नाही म्हणून खिळ्याला अडकवलेली पिशवी, नावाऐवजी ‘ए हेल्पर’ ही हाक, हे रोजचं असतं. आणि यातलं बरंचसं कुणी मुद्दाम केलेलं नसतं.

मी देखभालीत सुपरवायझर होतो तेव्हाची गोष्ट. कन्व्हेअरच्या मागच्या पुलीचं बेअरिंग बदलायचं होतं. एक कायम फिटर, एक कंत्राटी हेल्पर. नियम साधा आहे: मशीनची वीज तोडायची आणि कामावरच्या प्रत्येकाने त्या स्विचवर स्वतःचं कुलूप लावायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत मशीन चालू होऊ शकत नाही. फिटरने त्याचं लाल कुलूप लावलं. हेल्परकडे कुलूपच नव्हतं, कारण कुलपांचं वाटप कर्मचारी क्रमांकावर व्हायचं आणि ठेकेदाराच्या माणसाला क्रमांक नसायचा. शिफ्ट संपली, फिटर कुलूप काढून निघाला. हेल्पर आत गार्डचे बोल्ट आवळत होता. ऑपरेटरने बेल्ट चालू केला. हात वाचला, हातमोजा गेला.

मला हे कळलं दुसऱ्या दिवशी, पुलीत अडकलेला हातमोजा सापडला तेव्हा. का बोलला नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, “साहेब, तुम्ही ठेकेदाराला एक फोन केला असता की उद्या माझा पास बंद.” त्याचं बरोबर होतं. ‘हा माणूस नको, दुसरा पाठवा’ एवढं म्हटलं की काम व्हायचं. ना नोटीस, ना चौकशी.

ठेकेदारीची सोय म्हणतात ती हीच, आणि तोटाही इथेच आहे. ज्याला एका फोनवर काढता येतं तो चूक, गळती, विचित्र आवाज यांतलं काहीच कळवत नाही. पुढे तो मन लावून काम करणंही सोडतो. त्यानेच शिकवलेला नवा कायम पोरगा सहा महिन्यांत त्याच्यावर हुकूम चालवू लागला, की ‘माझं काय जातंय’ हे वाक्य ऐकू येतं. कायम कामगारांनाही धास्ती असतेच. हे लोक आपल्या जागा खाणार, म्हणून ते हातचं राखून शिकवतात.

थेट करारात क्रमांक मिळतो, आणि त्यामागोमाग कुलूप, लॉकर, प्रशिक्षणाच्या यादीत नाव. तक्रार ऐकणारा आणि हजेरी मांडणारा एकच असल्याने ‘ते ठेकेदाराला विचार’ ही पळवाट बंद होते. पण दुखणं इथेही आहे, फक्त शेवटाला सरकतं. मुदत संपत आली की माणूस दुसरीकडे मुलाखती देऊ लागतो आणि शेजारचा कायम सहकारी त्याला मोठं काम देत नाही. नूतनीकरणाचा निर्णय शेवटच्या आठवड्यापर्यंत लटकवणाऱ्यांनी हा मार्ग घेऊ नये. पगारपत्रक आणि रजांचं कामही आपल्याच गळ्यात येतं.

ठेकेदार सुधारून चालणार नाही का? थोडंफार चालतं. गेटवर कंत्राटी माणसांसाठी कुलपांचा वेगळा संच ठेवता येतो. पण माणसं बदलत राहतात आणि दर वेळी शिकवणं पहिल्यापासून. शिवाय ‘वेगळा संच’ वेगळाच राहतो. भारतातल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात १०० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तर उपाहारगृहाची तरतूद होती, पण ते ठेकेदाराने चालवायचं. म्हणजे दोन उपाहारगृहं कायद्यात बसत. युरोपीय संघाचा २००८ चा निर्देश वेगळं सांगतो: एजन्सीच्या कामगाराला त्याच उपाहारगृहात प्रवेश द्या, सबळ कारणाशिवाय नाकारू नका. जेवण दोन्हीकडे मिळतं, पण टेबल एकीकडेच एक.

माझा कौल असा: छताची रंगरंगोटी, बागकाम, टाकीची सफाई अशी कामं, जिथे जागा, वेळ आणि अवजारं सगळंच वेगळं असतं, ती खुशाल ठेकेदाराला द्या. तिथे तुलना करायला शेजारी कुणी नसतं. एकाच पाना-पेटीतून काम करणारी माणसं मात्र थेट घ्या.

आत्ता तुमच्याकडे काय आहे हे पाहायचं असेल तर मोठ्या दुरुस्तीच्या दिवशी स्विचवरची कुलपं मोजा, मग आतली माणसं मोजा.