स्लिमिंग टी म्हणून मी तीन महिने जुलाबाचं औषध पीत होते

"रात्री एक कप घ्या, आठवड्यात फरक दिसेल" असं सांगून मला हा हर्बल चहा विकला आणि खरंच पहिल्या आठवड्यात काटा २ किलोने खाली आला, मग काय, मी खूश. सकाळी पोटात मुरडा यायचा, तीनतीनदा पळावं लागायचं, तर विकणारी बाई म्हणाली टॉक्सिन्स बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे. आणि मी ऐकलं!

तिसऱ्या महिन्यात एका कपाने काहीच होईना म्हणून दोन पिशव्या टाकायला लागले. मग रात्री पोटऱ्यांत गोळे, एक जिना चढला की मांड्या गळून जायच्या आणि मधेच छातीत धडधड. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९, ते ३.५ च्या वर हवं असतं. काही औषध चालू आहे का विचारलं तर मी नाही म्हटलं, चहाला कोण औषध म्हणतं. नंतर पाकीट नेऊन दाखवलं, मागे बारीक अक्षरात कॅशिया अँगुस्टिफोलिया, म्हणजे आपली सोनामुखी, म्हणजेच सेन्ना.

त्यांनी सांगितलं ते असं. सोनामुखीतलं द्रव्य लहान आतड्यात जवळजवळ शोषलंच जात नाही, मोठ्या आतड्यातले जंतू ते फोडतात तेव्हा त्याचा असर सुरू होतो, म्हणून रात्री प्यायलं की ६ ते १२ तासांनी सकाळी पळापळ. आतडं जोरात ढकलायला लागतं आणि पाणी शोषून घेत नाही. पण खाल्लेल्यातल्या कॅलरीज त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात, म्हणजे माझे ते २ किलो चरबी नव्हतीच, पाणी आणि मळ होता. त्या पाण्याबरोबर पोटॅशियम जातं, वर अंगातलं पाणी कमी झालं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि त्या बदल्यात लघवीतूनही पोटॅशियम सोडतं, दुहेरी मार. बीपीसाठी पाण्याची गोळी घेणाऱ्यांना तर जास्तच धोका, त्यातल्या बऱ्याच गोळ्या स्वतःच पोटॅशियम काढतात.

चहा बंद केल्यावर खरी गंमत. चार दिवस पोट साफ नाही, पाय सुजले, काटा दीड किलो वर! घाबरून एक कप परत घेतला, इथेच माणूस अडकतो. खरं तर पूर्ण रिकामं झालेलं आतडं भरायलाच दोनतीन दिवस लागतात, ती बद्धकोष्ठता नसते, आणि सूज म्हणजे शरीराने धरून ठेवलेलं पाणी. डॉक्टरांनी पोटॅशियमचं औषध दिलं, आठवड्याने परत तपासणी, पोट रुळावर यायला मात्र महिना गेला.

त्या बाईला रिपोर्टचा फोटो पाठवला तर उत्तर आलं, "ताई, औषध नाहीये हो, नुसता पाला आहे."