महिन्याचा डबा लावताना: खाडा, पॉज आणि रात्री नऊची वेळ (पुणे, जवळपास सहा महिन्यांचा वापर)

कोथरूड–कर्वेनगर भागात दुपारचा डबा पोहोचवणाऱ्या एका अ‍ॅपवरच्या सेवेबद्दल लिहितो आहे. जेवण चांगलं आहे: तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्साभाजी, वरण-भात आणि कोशिंबीर. पोळ्या मऊ असतात आणि तेल बेताचं असतं. चवीबद्दल तक्रार नाही. पण महिन्याअखेरीला डबा परवडला की नाही, हे चवीवर ठरत नाही, अटींवर ठरतं. पैसे भरताना या अटी अ‍ॅपवर चार ओळींत दिसतात आणि त्यांचा खरा अर्थ वापरायला लागल्यावर कळतो. म्हणून हा अनुभव मुख्यतः अटींचा आहे.

योजना अशी. २६ डबे, २,३४० रुपये, म्हणजे डब्याला ९० रुपये. रविवारी स्वयंपाकघर बंद. पहिला डबा आला त्या दिवसापासून ३५ दिवसांची मुदत. या मुदतीत सहा खाडे घेता येतात आणि एकदाच पॉज करता येतं. पॉज किमान तीन दिवसांचा आणि जास्तीत जास्त दहा दिवसांचा.

खाडा आणि पॉज यांतला फरक नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. खाडा घेतला की त्या दिवसाचा डबा तुमच्या शिलकीत राहतो, पण मुदत चालूच राहते. पॉज केलं की डबाही राहतो आणि मुदतही थांबते. जितके दिवस पॉज, तितके दिवस शेवटची तारीख पुढे सरकते. जुन्या मेसमध्ये वहीत खाडे मांडायचे आणि महिन्याच्या शेवटी वजा करायचे, त्यामुळे खाडा म्हणजे पैसे वाचले असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. इथे खाड्याने पैसे वाचत नाहीत. तो डबा मुदतीच्या आत खाल्ला तरच वाचतो.

एक उदाहरण तारखांसकट मांडतो. १ ऑगस्ट २०२५, शुक्रवार, या दिवशी योजना सुरू झाली असं धरा. मुदत ४ सप्टेंबरपर्यंत. शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्या माणसाने २, ९, १६ आणि २३ तारखेचे शनिवार आणि १५ ऑगस्ट असे पाच खाडे घेतले. सोमवारी, २५ ऑगस्टपर्यंत त्याचे १६ डबे झाले, १० शिल्लक राहिले आणि खाडा एकच उरला. आता तो गणपतीला २६ ऑगस्ट ते २ सप्टेंबर कोकणात जाणार आहे. २७ ला गणेश चतुर्थीची स्वयंपाकघराला सुट्टी, ३१ ला रविवार. म्हणजे सहा डबे चुकवायचे आहेत आणि हाताशी खाडा एक.

त्याने तो खाडा २६ तारखेला वापरला आणि बाकी काहीच केलं नाही, तर पाच डबे बंद दारापाशी येतात आणि वॉचमनकडे ठेवले जातात. नोंद 'पोहोचला' अशीच होते. २७ च्या सुट्टीचा एक दिवस मुदतीत वाढवून मिळतो, म्हणून परत आल्यावर ३, ४ आणि ५ सप्टेंबरचे तीन डबे मिळतात आणि उरलेले दोन मुदतीबरोबर रद्द होतात. एकूण सात डबे गेले, म्हणजे ६३० रुपये.

तोच माणूस २६ ऑगस्ट ते २ सप्टेंबर असं आठ दिवसांचं पॉज करतो, तर मुदत १२ सप्टेंबरला जाते. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असल्याने डबा येत नाही, आणि स्वयंपाकघराच्या स्वतःच्या सुट्टीचा दिवस मुदतीत वाढवून मिळतो, म्हणून शेवटची तारीख १३ सप्टेंबर, शनिवार. रविवार आणि विसर्जनाचा दिवस वगळून ३ ते १३ सप्टेंबरमध्ये नऊ डबे मिळतात. शिल्लक होते दहा, म्हणजे एकच बुडाला. तोही शेवटच्या शनिवारचा डबा घेतला तर. दोन्ही मार्गांत ५४० रुपयांचा फरक पडतो, तो फक्त कोणतं बटण दाबलं यावर.

याच कारणाने, पाच दिवसांचा आठवडा असेल तर २६ ची योजना घेऊच नये असं माझं मत आहे. त्यांच्याकडे २० डब्यांची योजना १,९०० रुपयांना आहे. डबा ९५ चा पडतो म्हणून लोक ती टाळतात. पण २६ मधले दोन डबे जरी बुडाले, तरी खाल्लेला डबा साडेसत्त्याण्णव रुपयांना पडतो. दर शनिवारी खाडा घेणाऱ्याचे सहापैकी पाच खाडे शनिवारीच संपतात आणि अचानक बाहेर जेवायचं ठरलं तर हातात एकच उरतो.

आता वेळेबद्दल. दुसऱ्या दिवशीच्या डब्याचा खाडा आदल्या रात्री नऊपर्यंत टाकावा लागतो. ही वेळ फार लवकरची वाटते, पण तिला कारण आहे. उसळीची कडधान्यं रात्रीच भिजत घातली जातात, पोळ्यांची कणीक किती मळायची हे पहाटेच्या आधी ठरलेलं असावं लागतं, आणि भाजीची खरेदी सकाळी लवकर उरकते. नऊनंतर यादी स्वयंपाकघरात जाते आणि तिथून कोणाचं नाव काढलं तरी अन्न शिजायचं ते शिजतंच. त्यामुळे नऊची वेळ मला योग्य वाटते. अयोग्य आहे ते पुढचं.

रविवारी यादी निघत नाही. सोमवारची यादी शनिवारी रात्री नऊला बंद होते. अटींमध्ये 'आदल्या कामाच्या दिवशी' असे शब्द आहेत, पण अ‍ॅपवर रविवारी संध्याकाळीही सोमवारच्या तारखेखाली खाड्याचं बटण दिसतं, दाबलंही जातं आणि 'विनंती मिळाली' असा संदेश येतो. सोमवारी डबा दारात. विनंती मिळणं म्हणजे खाडा लागणं नव्हे. खाडा खरोखर लागला की कॅलेंडरमध्ये ती तारीख करडी होते आणि वरच्या पट्टीत उरलेल्या खाड्यांचा आकडा एकने कमी होतो. दोन्ही दिसल्याशिवाय अ‍ॅप बंद करू नका, आणि तेव्हाच स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. वाद झाला तर तक्रार विभाग हेच मागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या डबा नको' असं लिहून भागत नाही. तिथून 'नोंद केली' असं उत्तर आलं तरच धरायचं.

पॉजची वेळ वेगळी आहे. त्याला पूर्ण २४ तासांची सूचना लागते, आणि ते तास रात्री नऊच्या यादीपासून मागे मोजतात. मंगळवारपासून पॉज हवं असेल, तर सोमवारी रात्री नऊ नव्हे, रविवारी रात्री नऊ. आणि रविवार मोजत नाहीत, म्हणून पुन्हा शनिवार. वरच्या उदाहरणातल्या माणसाला २६ ऑगस्टचं पॉज २३ ऑगस्टच्या रात्री नऊच्या आत टाकावं लागलं असतं. हे अटींमध्ये कुठेही उदाहरण देऊन सांगितलेलं नाही आणि ते सांगायला हवं, असं मी त्यांना दोनदा लेखी कळवलं आहे. पॉज मध्येच उठवून लवकर परत आलात, तर किमान तीन दिवस पूर्ण झालेले असावेत. नाहीतर ते दिवस खाडे म्हणून धरले जातात.

पत्ता बदलायचा असेल, घरचा डबा एखाद्या दिवशी ऑफिसला हवा असेल, तरी हीच नऊची वेळ. डबे पोहोचवणाऱ्या मुलांच्या फेऱ्या पत्त्यांप्रमाणे लावलेल्या असतात. सकाळी फोन करून विनवलं तर कधी तरी ऐकतात, पण त्यावर विसंबू नये.

मेनूच्या बाबतीत अट एका ओळीची आहे: 'उपलब्धतेनुसार बदल होऊ शकतो.' आठवड्याचा मेनू शनिवारी येतो. पावसाळ्यात पालेभाजीत बदल झाला तर मी समजू शकतो, कारण मेथी-पालक भिजून येतात, निवडताना निम्म्या जातात आणि भाव चढतो. पालकाऐवजी दुधी किंवा घेवडा आला तर भाजीऐवजी भाजीच आली. खटकतं ते उसळीच्या जागी बटाट्याचा रस्सा येतो तेव्हा. कडधान्य गेलं की डब्यातलं पोषणच कमी होतं आणि दर तोच राहतो. मेनू बदलल्याचा संदेश बहुतेक सकाळी दहा-अकराला येतो, तेव्हा खाड्याची वेळ केव्हाच गेलेली असते. म्हणून मेनू बघून खाडे ठरवू नका. खाडे फक्त तुम्ही घरी नसाल त्या दिवसांसाठी ठेवा. एकच सवलत आहे: मुख्य भाजी बदलून बटाटा आला आणि त्याच दिवशी चारच्या आत फोटोसह तक्रार टाकली, तर एक डबा जमा करतात. अटींमध्ये हे लिहिलेलं नाही, पण विचारलं तर देतात.

उपवासाचं ताट आपोआप येत नाही. एकादशी किंवा चतुर्थी असली तरी नेहमीचाच डबा निघतो. साबुदाणा भिजवायचा आणि ताटं मोजायची म्हणून दोन दिवस आधी निवडावं लागतं, वर २० रुपये. १२ ऑगस्टच्या अंगारकीला बऱ्याच जणांची अडचण झाली असणार. मंगळवारसाठी दोन दिवस आधी म्हणजे रविवार, आणि रविवारी यादी नाही, म्हणून शनिवारी रात्रीच निवड बंद. श्रावणात कांदा-लसूण नको असेल तर ती खूण रोजची नसते, पूर्ण योजनेला लागते. श्रावण मध्येच संपला तरी उरलेले डबे तसेच येतात. श्रावण आणि योजना एकत्र संपतील अशा बेताने २० डब्यांची योजना घेतली तर हा प्रश्न येत नाही.

योजना मध्येच बंद करायची वेळ आली तर परताव्याचं गणित आधी करून बघा. उरलेले डबे गुणिले ९० असं ते मोजत नाहीत. खाल्लेले डबे सुट्या दराने, म्हणजे १२० रुपयांनी, मोजतात आणि भरलेल्या रकमेतून वजा करतात. १६ डब्यांनंतर बंद केलं तर १,९२० वजा होऊन ४२० रुपये परत मिळतात, ९०० नाही. २० डबे झाल्यावर काहीच परत येत नाही. त्या टप्प्यावर बंद करण्यापेक्षा उरलेले डबे त्याच भागातल्या ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावर वळवणं जास्त शहाणपणाचं. पत्ता बदलायला पैसे लागत नाहीत, फक्त आदल्या रात्री नऊच्या आत बदला.