२० पैकी १५: पी-व्हॅल्यू घ्यायची की बेजच्या वाटेने जायचं?

समजा तुम्ही एका संमतीपत्राचे दोन मसुदे केलेत, जुना आणि नवा. २० जणांना दोन्ही वाचायला दिले (निम्म्यांना उलट्या क्रमाने, नाहीतर शेवटी वाचलेलं जास्त लक्षात राहतं हा गोंधळ मध्ये घुसतो) आणि विचारलं, कुठला जास्त समजला? १५ जण म्हणाले नवा, ५ जण म्हणाले जुना. आता अॅनालिसिस चॅप्टर लिहायचाय आणि गाईड विचारतायत की सिग्निफिकन्स टेस्ट करणार की बेजियन. तर ही एवढीच २० उत्तरं घेऊन दोन्ही वाटांनी चालून बघू, कारण नुसत्या व्याख्या पाठ करून हा फरक डोक्यात बसत नाही, निदान माझ्या तरी बसला नव्हता.

पहिली वाट. नल हायपोथिसिस म्हणजे दोन्ही मसुदे सारखेच, लोकांची निवड नाणं उडवल्यासारखी. हे खरं मानायचं आणि विचारायचं की असं असताना २० मध्ये १५ किंवा त्याहून टोकाचा निकाल, म्हणजे १५ ते २० किंवा उलट्या बाजूला ० ते ५, किती वेळा येईल? R मध्ये एक ओळ आहे:

```r
binom.test(15, 20, p = 0.5)
```

उत्तर येतं ०.०४१, हीच पी-व्हॅल्यू. म्हणजे मसुदे अगदी सारखे असते तरी असा किंवा याहून टोकाचा निकाल शंभरात साधारण चार वेळा आलाच असता. ०.०५ च्या खाली आहे, नल नाकारायचा, झालं.

आणि इथेच बहुतेक सगळे एक वाक्य लिहून जातात जे या टेस्टने कधी सांगितलेलंच नसतं, ते म्हणजे "मसुदे सारखे असण्याची शक्यता फक्त ४ टक्के आहे". अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात स्पष्ट म्हटलंय की पी-व्हॅल्यू हायपोथिसिस खरा असण्याची शक्यता मोजत नाही. कशी मोजेल, ती काढताना आपण हायपोथिसिस खरा धरूनच सुरुवात केली होती ना! पण वाचणाऱ्याला हवं असतं नेमकं तेच, नवा मसुदा खरंच चांगला आहे का, किती खात्रीने. ते हवं असेल तर दुसरी वाट.

दुसऱ्या वाटेवर आधी दोन दावे समोरासमोर ठेवायचे. एक, मसुदे सारखे, म्हणजे नवा निवडला जाण्याचं प्रमाण बरोबर अर्धं. दोन, सारखे नाहीत, प्रमाण ० ते १ मध्ये कुठेही असू शकतं आणि आपल्याला आधी काहीच कल्पना नाही. मग दोघांनाही एकच प्रश्न, तुमच्या हिशोबाने बरोबर १५ येण्याची शक्यता किती होती? पहिला दावा सांगतो १.४८ टक्के. दुसऱ्याचं गणित तर तोंडी होतं: ० पासून २० पर्यंत एकूण २१ निकाल शक्य आहेत आणि "काहीच कल्पना नाही" म्हणणाऱ्याला ते सगळे सारखेच, म्हणजे प्रत्येकाला १/२१, म्हणजे ४.७६ टक्के. भागाकार ३.२ येतो. हाच बेज फॅक्टर. १५ हा आकडा दुसऱ्या दाव्याला पहिल्यापेक्षा सव्वातीन पट जास्त अपेक्षित होता, बस.

तुम्ही सुरुवातीला दोन्ही दाव्यांना सारखं वजन दिलं असेल तर आता "मसुदे सारखे" याची शक्यता २४ टक्के उरते. चार नाही, चोवीस! आकडे तेच, ०.०४१ ला "सिग्निफिकन्ट" म्हणून आपण ज्याला निरोप दिला तो नल इथे जवळपास चारात एक शक्यता घेऊन बसलाय. आणि आधीच तुम्हाला वाटत असेल की असल्या बारीक भाषाबदलांनी सहसा काही होत नाही, नलला ८० टक्के वजन दिलं असेल, तर डेटा बघूनही तो ५५ टक्क्यांवर राहतो.

एवढा फरक पडतो कशाने? पी-व्हॅल्यू १५ सोबत १६, १७ पासून २० पर्यंत आणि पलीकडचे ० ते ५ हे न घडलेले निकालही मोजते, आणि ती फक्त नलला प्रश्न विचारते. नलला हा निकाल विचित्र वाटला, ठीक आहे, पण समोरच्या दाव्यालाही तो फारसा अपेक्षित नसेल तर? ते ती विचारतच नाही. बेज फॅक्टर घडलेला निकाल घेतो आणि दोघांनाही विचारतो.

आता दुसऱ्या वाटेचा जो खरा भार आहे तो लपवून चालणार नाही. "काहीच कल्पना नाही" हा आपण निवडलेला प्रायर आहे, म्हणजे डेटा बघण्याआधीची आपली समजूत, डेटाने दिलेली नाही. समजा तुम्ही म्हणालात की नवा मसुदा बदललाय तो सोपा करायलाच, तो बिघडलेला असणार नाही, म्हणून प्रमाण ०.५ ते १ मध्येच कुठेतरी आहे. तर बेज फॅक्टर साधारण ६.४ होतो आणि नल १४ टक्क्यांवर येतो. निकाल बघून झाल्यावर हा प्रायर निवडला तर ती सरळ फसवणूक आहे, पी-व्हॅल्यू बघून टू-टेलचं वन-टेल करण्यासारखीच. म्हणून प्रायर आधी लिहून ठेवायचा, कारणासकट, आणि दोन-तीन वेगळे प्रायर लावून उत्तर किती हलतं ते टेबलमध्ये दाखवायचं.

बेजच्याच वाटेवर आणखी एक फाटा आहे आणि तिथे वर्गातली निम्मी मुलं हमखास चुकतात, म्हणून जरा थांबतो. नल-बिल बाजूला ठेवून नुसतं प्रमाण किती हे विचारलं तर "काहीच कल्पना नाही" हा सपाट प्रायर आणि आपला डेटा मिळून पोस्टेरियर, म्हणजे डेटा बघितल्यानंतरची समजूत, येतो बीटा (१६, ६):

```r
qbeta(c(0.025, 0.975), 16, 6)
1 - pbeta(0.5, 16, 6)
```

पहिली ओळ सांगते की प्रमाण ९५ टक्के शक्यतेने ०.५३ ते ०.८९ मध्ये आहे, दुसरी सांगते की ते अर्ध्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता ९८.७ टक्के. मग मघाचे २४ टक्के कुठे गेले? कुठेच नाही, प्रश्न बदलला. इथे आपण "बरोबर अर्धं" या एका बिंदूला वेगळं वजन दिलेलंच नाही, फक्त डावीकडे की उजवीकडे एवढं विचारलंय. "फरक आहे का" आणि "फरक कुठल्या बाजूला, किती" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बेजियन म्हटलं तरी आपला कुठला ते आधी ठरवावं लागतं. माझं मत विचाराल तर बऱ्याच थिसिसना दुसराच प्रश्न हवा असतो, कारण दोन मसुदे तंतोतंत सारखे असतील असं कुणी मनापासून मानतच नाही.

आता थांबण्याचा मुद्दा, माझ्या मते निवड खरी इथे होते. पी-व्हॅल्यू तुमच्या प्लॅनवर अवलंबून असते. "२० जण झाले की थांबायचं" हे ठरलेलं असेल तर फक्त "नवा चांगला" या एका बाजूने पी-व्हॅल्यू ०.०२१ येते. पण समजा तुम्ही ठरवलं होतं की पाचव्यांदा "जुना" ऐकलं की थांबायचं, आणि ते योगायोगाने विसाव्या माणसाला झालं. कागद तेच, १५ आणि ५, पण पी-व्हॅल्यू ०.००९६, कारण न घडलेल्या निकालांची यादी बदलली. बेज फॅक्टर मात्र दोन्हीकडे ३.२ च राहतो.

प्रत्यक्षात होतं ते याहून वाईट. एका विद्यार्थिनीने मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलेलं की दर थोड्या दिवसांनी टेस्ट चालवून बघत होते, आलं ०.०५ च्या खाली तेव्हा थांबले, ती याला काळजीपूर्वक काम समजत होती आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं की यात काय बिघडतं. नल खरा असताना सारख्या अंतराने पाच वेळा डोकावून बघितलं आणि दर वेळी ०.०५ चीच रेघ ठेवली तर खोटा "सिग्निफिकन्ट" मिळण्याची शक्यता ५ टक्के न राहता साधारण १४ टक्के होते. रिपोर्ट झालेल्या पी-व्हॅल्यूवरून हे ओळखू येत नाही, सँपल साइजचं कारण मेथड्समध्ये दिलेलं नसणं ही शंकेची पहिली खूण.

मग बेजियन केलं की कितीही डोकावलं तरी चालतं? अर्धं खरं आहे. दोन दाव्यांचे प्रायर आधी पक्के असतील आणि बेज फॅक्टर १० गेला की थांबायचं असं ठरवलं, तर नल खरा असताना तुम्ही कधीतरी चुकून १० गाठण्याची शक्यता कितीही वाट बघितलीत तरी दहात एकपेक्षा जास्त होत नाही. हे मोठं संरक्षण आहे. पण सपाट प्रायरचा तो ९८.७ टक्केवाला आकडा बघत बघत ९७.५ च्या वर गेला की थांबायचं असं केलंत तर चूक पी-व्हॅल्यूसारखीच फुगते, कारण तो आकडा आतून वन-टेल पी-व्हॅल्यूचा सख्खा भाऊच आहे.

त्यामुळे निवड करताना मी असं बघतो: सँपल आधी पॉवर काढून ठरलंय, डेटा एकदम येणार आहे, आणि "चुकीचा होकार शंभरात पाचपेक्षा जास्त वेळा नको" अशी हमी कुणालातरी द्यायचीय, तर सिग्निफिकन्स टेस्ट घ्या, ती त्याच कामासाठी बनलीय, सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या. डेटा थेंबाथेंबाने येणार, आधीच्या अभ्यासांतून काहीतरी माहिती आहे जी वापरायचीय, किंवा वाचणाऱ्याला "किती शक्यता" हेच हवंय, तर बेज. प्रायरचं समर्थन व्हायवात उभं राहून करता येणार नसेल तर मात्र नको.

आणि तुमचा दावाच "फरक नाही" असा असेल तर? समजा निकाल १०-१० आला. पी-व्हॅल्यू येते १, पण त्यावरून मसुदे सारखे आहेत असं लिहिता येत नाही, त्यासाठी त्या वाटेवर इक्विव्हॅलन्स टेस्ट करावी लागते, म्हणजे किती फरक नगण्य धरायचा ते आधी ठरवून. बेज फॅक्टर इथे सरळ उत्तर देतो, नलच्या बाजूने ३.७. अगदी तंतोतंत निम्मे-निम्मे येऊनही फक्त ३.७! तोच १० पर्यंत न्यायचा असेल, आणि निकाल तरीही बरोबर अर्धाच राहिला असं धरलं, तर साधारण १५६ माणसं लागतात, म्हणजे २० जणांत "फरक नाही" सिद्ध करायला निघालेला प्रपोजल दोन्ही वाटांनी अडतो आणि तो सबमिट करायच्या आधीच बदललेला बरा.