नोकरी कपातीत गेली हे रेझ्युमेच्या सारांशात लिहावे, की अनुभवाच्या ओळीत?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मनुष्यबळ विभागात काम करताना मी अनेक वर्षे रेझ्युमे वाचले, आणि मागच्या वर्षी माझ्या भाच्याचा रेझ्युमे समोर ठेवून दोन संध्याकाळी याच एका प्रश्नावर घालवल्या. तो दुचाकीसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सात वर्षे गुणवत्ता अभियंता होता. ज्या मॉडेलचे भाग तिथे बनत होते ते मॉडेल बंद झाले, त्यामुळे प्रेस शॉपची दुसरी लाइन बंद करण्यात आली आणि त्या लाइनवरची सगळी 42 पदे संपली. त्याने सारांशाच्या शेवटी लिहिलेले वाक्य असे होते:

"उत्तम कामगिरी असूनही व्यवस्थापनाच्या अचानक निर्णयामुळे मला कामावरून काढण्यात आले."

या वाक्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. तरीही वाचणाऱ्याला त्यातून लाइन बंद झाल्याचे कळत नव्हते, कळत होते ते फक्त दुखावलेपण. ‘असूनही’ या शब्दाने तक्रार सुरू होते, ‘अचानक’ने ती वाढते आणि ‘काढण्यात आले’ने काढणारा कोणीतरी समोर उभा राहतो. हे तीन शब्द गेले आणि त्यांच्या जागी घटना आली, की वाक्य आपोआप शांत होते: "मॉडेल बंद झाल्याने प्रेस शॉपची दुसरी लाइन थांबली, लाइनवरील सर्व 42 पदांसह जुलै 2025 मध्ये कार्यमुक्त." आकडा इथे उपयोगी पडतो, कारण सगळीच पदे गेली असतील तर निवड व्यक्तीची नव्हती हे न सांगता समजते. परंतु 42 पैकी सहाच जणांना कमी केले असेल, तर आकडा देऊ नये; तो ‘मग हे सहाच का?’ हा प्रश्न स्वतःहून विचारायला लावतो.

वाक्य ठरल्यानंतर खरा निर्णय जागेचा असतो. ते सारांशात ठेवायचे, की खाली अनुभवाच्या नोंदीत तारखांशेजारी?

सारांश म्हणजे रेझ्युमेच्या माथ्यावरच्या तीन-चार ओळी. तिथे कपातीचा उल्लेख केला तर वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्न उठण्याआधीच मिटतो, आणि ‘तात्काळ रुजू होता येईल’ हे शब्द त्याला जोडले तर त्याच वाक्यातून त्याच्या उपयोगाची माहितीही मिळते, कारण नोकरीत असलेल्या इतर उमेदवारांना दोन-तीन महिन्यांचा नोटीस कालावधी पुरा करावा लागतो. तोटा असा की जागा थोडी असते, आणि तिथला प्रत्येक शब्द कामाच्या वर्णनातून कापून आणलेला असतो. म्हणून हे वाक्य बारा-पंधरा शब्दांपलीकडे जाऊ नये आणि ते नेहमी सारांशाच्या शेवटी यावे. आधी काय येते ते सांगा, मग काय झाले ते. क्रम उलटला तर पुढचे सगळे वाचन कपातीच्या सावलीत होते.

अनुभवाच्या नोंदीत तीच माहिती कंसातल्या चार-पाच शब्दांत बसते: ‘मार्च 2018 ते जुलै 2025 (लाइन बंद झाल्याने कार्यमुक्त)’. ती शोधणाऱ्यालाच दिसते आणि सारांश पूर्णपणे कामासाठी मोकळा राहतो. मात्र रेझ्युमे वरवर चाळणारा माणूस तिथपर्यंत पोहोचेलच असे नाही. त्याला फक्त जुलैनंतरची रिकामी जागा दिसते आणि ती तो स्वतःच्या अंदाजाने भरतो.

माझ्या मते निवड अर्ज कुठे जातो यावर करावी. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्यातल्या कारखान्यात अर्ज करत असाल, तर कोणती लाइन कधी बंद पडली हे तिथल्या लोकांना पुरवठादारांकडून आणि चहाच्या टपरीवरून आधीच कळलेले असते. त्यांच्यासाठी अनुभवाच्या नोंदीतले चार शब्द पुरेसे आहेत. चाकण, नाशिक किंवा अहिल्यानगरकडे अर्ज जात असेल, तर वाचणाऱ्याला पार्श्वभूमी माहीत नसते, म्हणून तिथे मी सारांशातला उल्लेख निवडेन. नोकरी जाऊन दोन महिनेही झाले नसतील, तर कुठेही अर्ज केला तरी नोंदीतली जागाच पुरेशी आहे.

आता शब्दांविषयी, कारण आपल्याकडे चूक बहुधा इथे होते. भाच्याच्या इंग्रजी मसुद्यात ‘लेड ऑफ’ असे होते. आयटीतल्या वाचकाला त्याचा अर्थ लगेच कळतो, पण कारखान्यातल्या मनुष्यबळ अधिकाऱ्यासाठी ‘ले-ऑफ’ हा कायद्याचा शब्द आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ म्हणजे वीज, कच्चा माल किंवा यंत्राच्या अडचणीमुळे कामगाराला तात्पुरते काम न देता येणे. त्याचे नाव हजेरीपटावर कायम राहते. कायमची कपात म्हणजे ‘रिट्रेंचमेंट’, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा भेद तसाच आहे. त्यामुळे ‘लेड ऑफ’ वाचून तो अधिकारी विचारू शकतो की तुमचे नाव अजून तिकडच्या पटावर आहे का. ‘टर्मिनेटेड’ हा शब्द तर अजिबात वापरू नये. गैरवर्तनामुळे काढले, असाच त्याचा अर्थ घेतला जातो.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक अडचण होती, आणि ती अनेकांची असते. कपात करताना कंपनीने सगळ्यांकडून राजीनामे लिहून घेतले होते. त्याच्या रिलिव्हिंग लेटरमध्ये ‘राजीनामा स्वीकारून’ असे होते. सारांशात ‘रिट्रेंच्ड’ लिहिले असते तर पडताळणीत दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलले असते. ‘नव्या संधीसाठी नोकरी सोडली’ लिहिले असते तर कागद जुळला असता, पण ते खरे नव्हते, आणि जुन्या साहेबांना एक फोन गेला की उघडे पडले असते. ‘कार्यमुक्त’, इंग्रजीत ‘रिलिव्ह्ड’, हा शब्द दोन्ही परिस्थितींत खरा ठरतो, कारण तो लाइन बंद झाल्यावर माणूस मोकळा झाला एवढेच सांगतो. तारीखही रिलिव्हिंग लेटरमधलीच घ्यावी आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर नोंदलेल्या सेवा समाप्तीच्या तारखेशी ती जुळते का हे पाहावे. कंपनीने ती तारीख भरलीच नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचारी स्वतः ती ऑनलाइन नोंदवू शकतो.

शेवटी त्याचे दोन रेझ्युमे तयार झाले. शेंद्र्याला गेलेल्या प्रतीत सारांशात कपातीचा उल्लेख नव्हता. चाकणला गेलेल्या प्रतीतला सारांश असा होता:

"पत्र्याच्या प्रेस भागांच्या गुणवत्ता तपासणीत सात वर्षांचा अनुभव, ग्राहकांच्या तक्रारींचे मूळ कारण शोधणे आणि पुरवठादारांचे ऑडिट यांची स्वतंत्र जबाबदारी. लाइन बंद झाल्याने सर्व 42 पदांसह जुलै 2025 मध्ये कार्यमुक्त. तात्काळ रुजू होता येईल."

चाकणच्या मुलाखतीला जाण्याआधी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, त्यांनी कारण विचारलं तर सविस्तर सांगू का?" मी त्याला हेच वाक्य तोंडाने म्हणायला लावले आणि त्याच्यापुढे एक शब्दही न घालता थांबायला सांगितले. पहिल्या दोन वेळा ‘पण खरं तर…’ निघालेच. तिसऱ्या वेळी तो ‘कार्यमुक्त’वर थांबला.