बाबांच्या दोन निकॉन लेन्स, तीन कॅमेरे आणि एक जाड ॲडॉप्टर: आठ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. बाबांची ५० एमएम लेन्स माझ्या सोनीवर साध्या ॲडॉप्टरने मस्त चालते. २८ एमएमची मात्र तिथे निम्मी मजा जाते. ती परत मिळवायला मला फोकल रिड्यूसर घ्यावा लागला, आणि त्याआधी एका सदोष ॲडॉप्टरने दोन महिने खाल्ले.

सामान असं आहे. बाबांचा फिल्मवाला निकॉन एफएम२, त्याच्याबरोबर २८ एमएम एफ २.८ आणि ५० एमएम एफ १.८, दोन्ही हाताने फोकस करायच्या. माझा सोनी ए६४००. आणि मावसभावाचा ऑलिंपस ई-एम१० मार्क टू, जो तो दर रविवारी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी घेऊन येतो. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे आज ज्याला फुल फ्रेम म्हणतात तीच. सोनीचा सेन्सर २३.५ बाय १५.६, ऑलिंपसचा १७.३ बाय १३.

दिवाळीनंतर पहिल्यांदा २८ सोनीला लावून राजवाड्यासमोर गेले. बाबा ज्या जागेवरून फोटो काढायचे तिथेच उभी राहिले, तर दोन्ही कडेच्या खिडक्या कापल्या गेल्या. बाबा म्हणाले, "अगं, मागे सरक." सरकले. खिडक्या आल्या, पण त्यांच्याबरोबर पुढ्यातल्या हातगाड्या आणि विजेच्या तारासुद्धा आल्या. मागे गेलं की जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं आपसातलं प्रमाणही बदलतं, त्यामुळे तो बाबांचा फोटो राहिलाच नाही.

फिल्मच्या मानाने सेन्सर किती पट लहान हे सांगणारा आकडा म्हणजे क्रॉप फॅक्टर, सोनीचा दीड आणि ऑलिंपसचा दोन. तो मला वाचून नीट कळला नव्हता, मागच्या पडवीतल्या भिंतीनं कळला. भिंतीवर मोजपट्टी आडवी चिकटवली, तीन मीटरवर तिपाई ठेवली, आणि एकच २८ तिन्ही कॅमेऱ्यांवर लावून किती भिंत दिसते ते पाहिलं. सोनीवर अडीच मीटर. ऑलिंपसवर एक मीटर ऐंशीच्या आसपास. हिशोब अगदी साधा आहे: सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. २३.५ भागिले २८ गुणिले ३ म्हणजे २.५. प्रत्यक्षात दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे होतात, कारण जवळ फोकस करताना लेन्स थोडी पुढे येते आणि तिपाईचं अंतर नक्की लेन्समधल्या कुठल्या बिंदूपासून मोजायचं हे आपल्याला माहीत नसतं.

याच हिशोबाने फिल्मवर ३.८ मीटरहून थोडी जास्त भिंत यायला हवी होती. एफएम२च्या फाइंडरमधून मोजली तर फक्त ३.६. माझा हिशोब चुकला असं वाटून पट्टी पुन्हा लावली, तरी तेच. बाबांनी खुर्चीतूनच खुलासा केला: या कॅमेऱ्याचा फाइंडर फिल्मवर येणाऱ्या चौकटीपैकी ९३ टक्केच दाखवतो. बरोबर निघालं. म्हणजे बाबांना आयुष्यभर डोळ्याला जेवढं दिसलं त्यापेक्षा फिल्मवर जरा जास्तच येत होतं.

यातून मनात पक्की बसलेली गोष्ट ही की लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यावर २८च राहते. ती तेवढंच गोल चित्र मागे टाकते, लहान सेन्सर त्याचा मधला तुकडा उचलतो. म्हणून दुकानदार जेव्हा "क्रॉपवर ५० लावा, ७५चा झूम मिळतो" म्हणतो तेव्हा मला हसू येतं. ७५सारखी चौकट मिळते, जवळ काही येत नाही. आणि ऑलिंपसचं "दुप्पट" हे कर्णावर काढलेलं माप आहे. त्याची चौकट चार-तीनची, जास्त उभट, त्यामुळे रुंदीत फरक दुपटीपेक्षा थोडा जास्त पडतो आणि उंचीत कमी. भिंतीचा फोटो काढताना ते जाणवतं, माणसांच्या फोटोत कोणी मोजायला जात नाही.

५०ची गोष्ट म्हणूनच सुखाची आहे. सोनीवर तिची चौकट ७५सारखी होते, आणि साखरपुडा, डोहाळजेवण, गच्चीवरच्या गप्पा यांत एका माणसाच्या चेहऱ्यासाठी ती नेमकी बसते. उजेडाचा हिशोब बदलत नाही, एफ १.८ ला शटर तेवढंच येतं. मागचं धूसर होणं मात्र फिल्मवर ७५ची लेन्स एफ २.७ ला ठेवल्यावर जेवढं होईल तेवढंच. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, एका ओळखीच्या घरच्या सज्जातून हीच लेन्स वापरली आणि लेन्स बदलायची वेळ आली नाही. (गुलाल ॲडॉप्टरच्या खाचेत गेला. तो अजून निघतोय.)

आता ॲडॉप्टर. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये लेन्स टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर असतं. सोनीच्या ई माउंटमध्ये १८. मधले २८.५ मिलिमीटर भरून काढणं एवढंच ॲडॉप्टरचं काम. आत काच नाही, नुसती नळी. म्हणूनच आरशाच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स मिररलेसवर सहज बसतात आणि उलटं जमत नाही. भावाने विचारलं होतं की कॅननची ईएफ लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर बसेल का. कॅननचं अंतर ४४, निकॉनचं ४६.५, म्हणजे ॲडॉप्टर उणे अडीच मिलिमीटर जाडीचा लागेल.

माझा पहिला ॲडॉप्टर स्वस्तातला होता, नाव सांगत नाही. घरातले ५०चे फोटो ठीक येत होते म्हणून शंका आली नाही. २८ने लांबचं काही काढलं की सगळं पातळ धुक्यातून पाहिल्यासारखं यायचं. आधी लेन्सवरच संशय घेतला, जुनी आहे, आत बुरशी असेल. मग एका रात्री गच्चीवर तिपाई लावली, लांबच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा स्क्रीनवर मोठा करून पाहिला आणि फोकसचं कडं फिरवत गेले. दिवा लहान लहान होत गेला आणि अगदी टिपका होण्याआधीच कडं थांबलं. पुढे जागाच नाही. लेन्स बिघडलेली असती तर दिव्याला शेपूट किंवा वलय आलं असतं. इथे तो नुसता फोकसच्या अलीकडे अडकला होता.

सियागंजमधून व्हर्नियर आणला आणि ॲडॉप्टरची जाडी चार जागी मोजली. कड्याच्या सपाट भागापासून सपाट भागापर्यंत मोजायचं, मागे डोकावणारे दात सोडून. चारही ठिकाणी २८.६ आलं. चारही सारखं, म्हणजे ॲडॉप्टर तिरका नव्हता. तिरका असता तर फोटोची एकच बाजू मऊ आली असती. फक्त जाड होता, मिलिमीटरच्या दहाव्या भागाने.

एवढ्याने काय होतं? लेन्स तेवढी पुढे राहिली की ती जास्तीत जास्त किती लांब फोकस करू शकेल ते फोकल लेंग्थच्या वर्गाला त्या जादा जाडीने भागून साधारण निघतं. ५०साठी २५०० भागिले ०.१, म्हणजे २५ मीटर. २८साठी ७८४ भागिले ०.१, म्हणजे ८ मीटरसुद्धा नाही. घरात दोन-तीन मीटरवरच्या माणसांना काही फरक पडत नव्हता, आणि राजवाडा दोन्ही लेन्सच्या आवाक्याबाहेर होता. गंमत म्हणजे लांबच्या दिव्याचा ठिपका एकाच ॲपर्चरला दोन्ही लेन्सवर सारखाच मोठा येतो, बिचारी २८ काही वेगळी बिघडलेली नव्हती. एफ ८ ला तो ठिपका इतका लहान होतो की दोष झाकला जातो. म्हणून भर उन्हात बरं यायचं आणि संध्याकाळी नाही.

जाड ॲडॉप्टर घरी दुरुस्त होत नाही, घासायला जावं तर सपाटी जाते. परत केला. दुसरा आला तो किंचित पातळ निघाला, आणि बहुतेक कंपन्या मुद्दाम तसाच ठेवतात. त्यात लेन्स अनंताच्याही पुढे जाते, त्यामुळे कडं शेवटपर्यंत फिरवून "झालं लांबचं फोकस" असं मानता येत नाही. प्रत्येक वेळी स्क्रीनवर मोठं करूनच बघावं लागतं. लेन्सवरचे अंतराचे आकडेही त्यावर विश्वासाचे राहत नाहीत. मला हे चालतं.

एक वैताग पहिल्याच दिवशी येतो: शटर दाबलं तरी काही होत नाही. कॅमेऱ्याला लेन्स लावलेली कळतच नाही. मेन्यूत `Release w/o Lens` हे `Enable` केलं की सुटतं. ऑलिंपसवर तिसराच घोळ झाला. त्यात सेन्सर हलवून हात स्थिर करायची सोय आहे आणि तिला फोकल लेंग्थ हाताने सांगावी लागते. आम्ही शहाणपणा करून ५०साठी १०० टाकले, कारण "दुप्पट ना". फोटो आणखीच हलले. सेन्सरने गरजेच्या दुप्पट हलायला सुरुवात केली होती. लेन्सवर छापलेला आकडाच टाकायचा, ५०.

मग रिड्यूसर. हा ॲडॉप्टरच, पण आत काच असलेला. लेन्सचं गोल चित्र फुल फ्रेमपुरतं मोठं असतं, ते हा ०.७१ पट आवळून लहान सेन्सरवर बसवतो. २८ची होते साधारण २०, आणि सोनीच्या दीड पटीने तिची चौकट ३०सारखी. तोच उजेड कमी जागेत आल्यामुळे एक स्टॉप जास्त मिळतो, एफ २.८ चं एफ २ होतं. पडवीच्या भिंतीवर मोजलं तर साडेतीन मीटर, म्हणजे बाबांना फाइंडरमध्ये दिसायचं जवळजवळ तेवढंच. त्यांना स्क्रीन दाखवला तर म्हणाले, "हां, ही माझी लेन्स."

यातही अनंताचं फोकस जुळवावं लागलं, पण इथे सोय आहे. बाजूचा बारीक स्क्रू सैल केला की आतली काच फिरवून पुढेमागे करता येते. त्याच लाल दिव्यावर जुळवलं, अर्धा तास गेला. तक्रारी दोन. लेन्स पूर्ण उघडी ठेवली की कोपरे ओढल्यासारखे येतात, त्यामुळे इमारतींना मी दोन स्टॉप बंद करूनच वापरते. आणि चौकटीत प्रखर दिवा असेल, ॲपर्चर लहान असेल, तर मधोमध फिकट निळा डाग येतो. सराफ्यात रात्री बल्बांखाली दहा फोटोंमागे तीनेकांत तो असतो. ॲपर्चर उघडलं की पसरून दिसेनासा होतो, पण मग कोपरे जातात. तिथे मी अजून साधा ॲडॉप्टर आणि ५०च नेते.