जो भाव बाजारात नव्हताच, त्या भावाला माझा माल विकला गेला

गेल्या वर्षी एका ‘ट्रेडिंग गुरूं’ना पंधरा हजार रुपये दिले. स्ट्रॅटेजी साधी होती. १५ मिनिटांचा हेकिन-आशी चार्ट लावायचा, कँडल हिरवी झाली की घ्यायचं, लाल झाली की विकायचं. सोबत जुन्या भावांवर चालवून पाहिलेल्या दोन वर्षांच्या बॅकटेस्टची शीट होती आणि तिच्यात तोटा शोधावा लागत होता. चार्टही तसाच देखणा, सलग हिरव्या आणि मग सलग लाल कँडल. मधली किरकिर कुठेच नाही. मी भाळलो.

दीड महिन्यात खात्यातले बासष्ट हजार गेले. सिग्नल अगदी शीटसारखेच येत होते, एकही चुकवला नव्हता. गुरूंना विचारलं तर उत्तर आलं, “दादा, तुमची सायकॉलॉजी कच्ची आहे.”

शेवटी भाच्यासमोर लॅपटॉप ठेवला. त्याने आधी एवढंच विचारलं, “मामा, हा भाव मार्केट वॉचमध्ये दाखव बरं.” चार्टवर ८०२.५० दिसत होते. मार्केट वॉचमध्ये ७९२.

‘हेकिन’ म्हणजे जपानीत सरासरी. नावातच सगळं होतं, मी कधी विचारलं नव्हतं. या कँडलचा क्लोज आणि ओपन असे काढतात:

```
HA Close = (O + H + L + C) / 4
HA Open  = (prev HA Open + prev HA Close) / 2
```

म्हणजे क्लोज ही त्या पंधरा मिनिटांच्या ओपन, हाय, लो आणि क्लोज या चार भावांची सरासरी. खरा शेवटचा भाव त्यात फक्त एक चतुर्थांश. आणि ओपन बाजारातून येतच नाही, तो मागच्या कँडलच्या बॉडीचा मध्य असतो. मागची कँडल तिच्या मागचीवरून, ती तिच्याही मागचीवरून, असं ओझं अर्धं-अर्धं होत पुढे येत राहतं. म्हणून एखादा झटका आला तरी रंग पटकन बदलत नाही, आणि सकाळचा गॅप तर पुसलाच जातो. गोंगाट असा गाळला जातो. पण चाळणीला गोंगाट आणि खरी पडझड यातला फरक कळत नाही.

त्या दिवसाचीच ती पंधरा मिनिटांची कँडल घ्या. शेअर ८१२ ला उघडला, ८१६ वर गेला, ७९० पर्यंत कोसळला आणि ७९२ ला बंद झाला. साध्या चार्टवर वीस रुपयांची लालभडक कँडल. हेकिन-आशीत क्लोज आला ८०२.५०. मागच्या कँडलची बॉडी ७९६ ते ८०६, म्हणून ओपन ८०१. कँडल हिरवी! बॉडी बारीक, वर-खाली विकच्या लांब रेघा, पण रंग हिरवा. मी निवांत चहा पीत बसलो होतो.

पुढची कँडल खऱ्या भावात ७९१, ७९४, ७८१, ७८४. तिचा हेकिन-आशी ओपन ८०१.७५, क्लोज ७८७.५०. आता लाल. नियमाप्रमाणे पुढच्या कँडलच्या सुरुवातीला विकलं, भाव मिळाला ७८३.५०. आणि शीटमध्ये? पुढच्या कँडलचा हेकिन-आशी ओपन, म्हणजे ७९४.६०. त्या पंधरा मिनिटांत शेअर ७८६ च्या वर गेलाच नव्हता.

खरेदीत हेच उलट्या बाजूने. हिरव्या सिग्नलच्या कँडलची बॉडी ७८० ते ७८८ होती, म्हणून शीटमधली खरेदी ७८४ ला. बाजार तेव्हा ७९४ ला होता, मला तोच भाव मिळाला. भाव वर जाताना हा ओपन बाजाराच्या खाली राहतो आणि पडताना वर. म्हणजे घेणंही स्वस्तात, विकणंही महागात, आणि दोन्ही कागदावर. त्या एका सौद्यात शीटला शेअरमागे १०.६० नफा, मला १०.५० तोटा. ४०० शेअर्सवर दलाली सोडून ४,२०० रुपये. अशा सौद्यांनीच ती शीट भरलेली होती.

हेकिन-आशीवर माझा राग नाही. ट्रेंड कुठल्या बाजूला आहे हे पाहायला आजही लावतो, पण ऑर्डर आणि स्टॉपलॉस साध्या कँडलवर. कुणी तुम्हाला असा बॅकटेस्ट दाखवला तर त्यातले चार-पाच सौदे निवडा आणि त्याच तारखेची, त्याच वेळेची साधी कँडल उघडा. शीटमधला भाव तिच्या हाय आणि लोच्या बाहेर असेल तर तिथेच उठा. आत असला तरी तो सिग्नलनंतरच्या खऱ्या ओपनशी जुळतो का, ते बघा. ट्रेडिंगव्ह्यूवर पाइन स्क्रिप्ट देत असतील तर सुरुवातीच्या strategy च्या ओळीत हे आहे का, तेही पाहा:

```
strategy("HA", fill_orders_on_standard_ohlc=true)
```

याने सिग्नल हेकिन-आशीचाच राहतो, सौदा मात्र खऱ्या भावाला धरला जातो. गुरूंच्या स्क्रिप्टमध्ये हे नव्हतं. भाच्याने ते टाकून तीच दोन वर्षं पुन्हा चालवली, तेव्हा चढत जाणारी नफ्याची रेघ तिसऱ्याच महिन्यात शून्याखाली गेली आणि वर आलीच नाही. तो स्क्रीनशॉट मी ग्रुपमध्ये टाकला. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं होतं.